परदेशात उघडलेलं बेटिंग खातं, भारतात आल्यावर अडकलेले पौंड

प्रश्न: मी अमळनेरचा. चार वर्षं लेस्टरला होतो, तिथे लायसन असलेल्या कंपनीत बेटिंगचं खातं होतं. आता घरी आलोय तर ॲप म्हणतं तुमच्या देशात सेवा नाही. आत ३८० पौंड आहेत. व्हीपीएन लावून काढून घेऊ का? का जप्त झाले समजायचं?

जप्त झालेले नाहीत. आणि व्हीपीएन लावू नका. आत्ता तुमची बाजू स्वच्छ आहे, ती व्हीपीएन लावल्यावर राहणार नाही.

मी भुसावळचा. सहा वर्षं इंग्लंडात लीड्सला एका बेटिंग कंपनीच्या पडताळणी विभागात होतो. लोकांचे पासपोर्ट, बँकेची स्टेटमेंटं आणि लॉगिनच्या नोंदी दिवसभर बघायच्या, हेच काम. आता जळगावला असतो. अशी खाती मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बरीच पाहिली आहेत, आणि एक तर घरातलंच होतं. ते पुढे सांगतो.

पहिल्यांदा तुमच्या दाराला कुलूप कोणतं लागलंय ते बघा, कारण ‘उघडत नाही’ म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने सांगतात. एक म्हणजे पानच उघडत नाही, किंवा सरकारी आदेशाने ही साईट बंद आहे अशी पाटी दिसते. हे कुलूप भारतातल्या इंटरनेट कंपनीने लावलेलं असतं, बेटिंग कंपनीला त्याची खबरही नसते. दुसरं म्हणजे पान उघडतं, कंपनीचा लोगो दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं की तुम्ही जिथून बघताय तिथे आमची सेवा नाही. हे जागेचं कुलूप. ते मशीन लावतं, खात्याच्या नोंदीत त्याने काहीच बदलत नाही. तिसरं म्हणजे लॉगिन होतं किंवा होता होता थांबतं, आणि खातं स्थगित आहे, आमच्याशी संपर्क करा असं येतं. हे खात्याचं कुलूप. ते माणसाने लावलेलं असतं, किंवा मशीनने लावून माणसाच्या रांगेत टाकलेलं असतं. त्यासोबत जवळजवळ नेहमी ईमेल येते, स्पॅममध्येसुद्धा बघा.

तुमच्या लिहिण्यावरून तुमचं दुसरं कुलूप दिसतंय. ते सगळ्यात साधं. लोक स्वतःच्या हाताने दुसऱ्याचं तिसरं करून घेतात.

मशीनला जागा कळते कशी, यात एक गंमत आहे आणि तिच्यातच बरेच जण फसतात. सगळ्यात जुनी आणि स्वस्त खूण म्हणजे आयपी पत्ता. घरच्या वायफायवरून गेलात की आयपी भारतातला, दार बंद. पण तेच तुम्ही ब्रिटनचं सिम रोमिंगवर ठेवून मोबाईल डेटाने गेलात तर बहुतेक वेळा आयपी ब्रिटनचाच दिसतो. रोमिंगमध्ये तुमचा डेटा इथल्या टॉवरवरून आधी तुमच्या मूळ कंपनीच्या यंत्रणेपर्यंत नेला जातो आणि तिथून इंटरनेटवर सोडला जातो. म्हणजे माणूस शेतात केळीच्या खोडाला टेकून उभा, आणि जगाला तो लंडनमध्ये दिसतोय. ॲप सरळ उघडतं, पैजही लागते. आपल्याला वाटतं, चालतंय की!

पण आयपी ही एकच खूण नाही. ॲपला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर फोन जीपीएस आणि आजूबाजूच्या वायफाय राउटरांवरून जागा सांगतो, आणि जीपीएसला आभाळ दिसत नसलं तरी राउटरांवरून गल्लीपर्यंत पोचता येतं. फोनचं घड्याळ कोणत्या टाईमझोनवर आहे ते दिसतं. भारताचा साडेपाच तासांचा टाईमझोन तर लगेच उठून दिसतो, कारण अर्ध्या तासाचा फरक ठेवणारे देश मोजकेच आहेत. व्हीपीएनचा आयपी बऱ्याचदा कोणाच्या घरातला नसतो, डेटा सेंटरमधला असतो, आणि अशा आयपींच्या याद्या कंपन्या विकत घेतात. फुकटच्या व्हीपीएनवर एकाच आयपीवरून शेकडो लोक येतात, त्यामुळे ते सगळ्यात आधी पकडले जातात. शिवाय व्हीपीएन मध्येच तुटतं. नोंदीत मग दिसतं की १०.०५ ला माणूस लंडनमध्ये होता आणि १०.०९ ला चाळीसगावात. असं विमान अजून निघालेलं नाही. आमच्याकडे अशी नोंद आली की ती आपोआप लाल रंगात वर यायची.

हे सगळं प्रत्येक कंपनी सारख्याच कडकपणे तपासत नाही. ब्रिटनमध्ये पूर्ण देशाला एकच लायसन लागतं, तेव्हा तिथे बऱ्याच कंपन्या आयपीवर भागवतात आणि बाकीच्या खुणा नंतर, पैसे काढायच्या वेळी बघतात. अमेरिकेत उलट आहे. तिथे परवाना राज्यागणिक वेगळा, म्हणून पैज लावतानाच फोन राज्याच्या हद्दीत आहे हे सिद्ध व्हावं लागतं. आपल्याकडे नवापूरचं स्टेशन आठवा, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तसल्या फलाटावर उभं राहून कोणी न्यू जर्सीसारख्या राज्याचं ॲप वापरायला गेला तर एका बाकावर पैज लागेल आणि दुसऱ्यावर नाही. प्रत्यक्षात सीमेजवळ फोनचा अंदाज थोडा इकडेतिकडे जातो, म्हणून हद्दीच्या आत असूनही नकार मिळाल्याच्या तक्रारी तिथे नेहमीच्या आहेत. तिथे एक सोय मात्र बरी आहे. राज्याबाहेर गेलात तर पैज लागत नाही, पण लॉगिन करून शिल्लक बघता आणि काढता येते, निदान मोठ्या कंपन्यांत. ब्रिटिश कंपन्यांत अशी सोय प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. तिथे दार बंद म्हणजे पूर्ण बंद, हाही प्रकार असतो.

आता घरातली गोष्ट. माझा भाचा चाळीसगावचा, कॉव्हेंट्रीला शिकायला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. दिवाळीला तीन आठवडे आला. निघताना खात्यात २८६ पौंड होते. पहिल्या आठवड्यात ब्रिटनचं सिम रोमिंगवर होतं, ॲप उघडत होतं. फुटबॉलच्या एका मॅचवर त्याने २० पौंड लावले, भाव २.५०. जिंकला. ५० परत आले, शिल्लक दिसायला लागली ३१६. रोमिंगचं पॅक संपल्यावर तो घरच्या वायफायवर आला आणि ॲपने सांगितलं, तुमच्या देशात सेवा नाही. इथपर्यंत फार काही बिघडलं नव्हतं.

पण पोराला घाई झाली. त्याने फुकटचं व्हीपीएन टाकलं, लंडन निवडलं, आत गेला आणि ३१६ पौंड काढायची विनंती टाकली. तासाभरात खातं स्थगित. रात्री अकराला फोन, थेट अहिराणीत, म्हणजे खरोखर घाबरलेला: “मामा, मना पैसा बुडनात का?”

मी त्याला आधी व्हीपीएन काढून टाकायला लावलं आणि पुन्हा लॉगिन करायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही असं बजावलं. प्रत्येक नवा प्रयत्न म्हणजे फाईलीत आणखी एक ओळ. मग कंपनीची मेल आली. तिच्यात मागितलं होतं ते नेहमीचंच: पासपोर्टचा फोटो, कॉव्हेंट्रीच्या पत्त्याचा पुरावा, ज्या कार्डाने पैसे भरले त्या खात्याचं स्टेटमेंट, आणि अमुक तारखांना तुम्ही कुठे होतात याचा खुलासा. भाच्याचा पहिला मसुदा होता, ‘मी कॉव्हेंट्रीतच होतो, नेटवर्कमध्ये काही गडबड झाली असेल.’ तो मी खोडायला लावला. समोर बसलेल्याकडे नोंदी असतात. खोटं पकडलं गेलं की प्रश्न जागेचा राहत नाही, फसवणुकीचा होतो, आणि अटींमधलं जप्तीचं कलम नेमकं तिथे लागू होतं. त्याने सरळ लिहिलं: मी सुट्टीला भारतात आहे, हे विमानाचं तिकीट, अमुक तारखेला रोमिंगवर एक पैज लावली, नंतर पैसे काढण्यासाठी व्हीपीएन वापरलं, पुन्हा वापरणार नाही, माझी शिल्लक माझ्या त्याच कार्डावर परत करा.

एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. भारतातून लावलेली पैज रद्द. म्हणजे जिंकलेले ३० गेले, पण लावलेले २० परत मिळाले. ३१६ वजा ३०, पुन्हा २८६. तेवढे त्याच्या ब्रिटिश डेबिट कार्डावर आले आणि खातं कायमचं बंद झालं. भाच्याला ३० पौंडांचं दुःख अजून आहे. मला विचाराल तर तो स्वस्तात सुटला. भारतातून लावलेल्या पंधरा-वीस पैजा असत्या तर त्या एकेक करून उलगडायला महिने गेले असते.

कंपनी एवढी का दचकते, हे कळलं की मेल कशी लिहायची तेही कळतं. तिचं लायसन ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनचं. ग्राहक जिथे बसून पैज लावतो तिथला कायदा मोडला तर ते लायसन धोक्यात येतं. भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, आणि त्याचे पैसे इकडून तिकडे करणाऱ्या बँकेला किंवा पेमेंट कंपनीलाही तीच शिक्षा. खेळणाऱ्यासाठी त्या कायद्यात शिक्षा नाही. म्हणजे धोका तुमच्यापेक्षा त्यांना जास्त. म्हणून तुमच्या मेलमध्ये एक वाक्य स्पष्ट हवं: मला खेळायचं नाही, फक्त खातं बंद करून शिल्लक परत हवी आहे. हे वाक्य वाचलं की समोरच्याचं काम सोपं होतं, कारण त्याला भारतातल्या माणसाला सेवा द्यायची नसते, फक्त देणं चुकतं करायचं असतं.

तर तुम्ही असं करा. साईट उघडत नसली तरी कंपनीचा मदतीचा ईमेल पत्ता तुमच्या जुन्या मेलमध्ये सापडेल, खातं उघडल्यावर आलेल्या पहिल्या मेलमध्ये तो असतोच. खात्याला जो ईमेल जोडलेला आहे त्यावरूनच लिहा, भारतातून, व्हीपीएनशिवाय. ब्रिटन कोणत्या तारखेला सोडलं, त्यानंतर खातं वापरलेलं नाही (खरंच वापरलं नसेल तर), शिल्लक ३८० पौंड, आणि खातं बंद करायचं आहे, एवढं पुरे. पासपोर्टचं इमिग्रेशनच्या शिक्क्याचं पान किंवा बोर्डिंग पास असेल तर सोबत जोडा. सुटण्याच्या तारखेचा पुरावा फार उपयोगी पडतो, कारण त्या तारखेआधीच्या सगळ्या पैजा आपोआप स्वच्छ ठरतात.

खरी अडचण बहुतेकदा इथून पुढे येते, आणि ती जागेची नसते, बँकेची असते. पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जातात, हा मनी लॉन्डरिंग टाळण्याचा नियम जवळपास प्रत्येक कंपनी पाळते. ब्रिटनमध्ये १४ एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार बंद आहे, म्हणजे तुम्ही डेबिट कार्डानेच भरले असणार. ते बँक खातं अजून चालू आहे का? असेल तर ही रक्कम येईपर्यंत त्याला हात लावू नका. माझ्या ओळखीच्या धुळ्याच्या एका मुलाने परत येताना व्यवस्थितपणा म्हणून ब्रिटनमधलं बँक खातं आधी बंद केलं आणि बेटिंगची शिल्लक नंतर मागितली. कंपनीने पैसे जुन्या कार्डावर पाठवले, बँकेने खातं बंद म्हणून परत फिरवले, आणि ते कंपनीच्या कुठल्यातरी मधल्या खात्यात जाऊन बसले. मग बँकेकडून खातं बंद झाल्याचं पत्र मागवा, नवं खातं स्वतःच्या नावाचं दाखवा, असं करत दोन महिने गेले. त्याने इथलं जिल्हा बँकेचं खातं दिलं होतं, ते कंपनीने घेतलं नाही. शेवटी त्याचं ब्रिटनमधलंच दुसरं एक खातं अजून उघडं होतं म्हणून निभावलं. मित्राचं किंवा काकांचं खातं चालतं का, हे तो मला तीनदा विचारून गेला. चालत नाही. नाव जुळलं नाही की तीच फाईल फसवणुकीच्या टेबलावर जाते.

कंपनी कागद मागतच राहिली तर किती सोसायचं? ब्रिटनमध्ये ७ मे २०१९ पासून नियम असा आहे की नाव, पत्ता आणि जन्मतारीख ही पडताळणी पैज लावू देण्याआधीच करायची. जे आधी विचारता आलं असतं ते पैसे काढायच्या वेळी अट म्हणून पुढे करायचं नाही. पैसा कुठून आला हा प्रश्न मात्र ते नंतरही विचारू शकतात, कारण तो वेगळ्या कायद्याचा भाग आहे. तुमची रक्कम छोटी आहे, पगाराच्या दोन-तीन स्लिपा पुरतात. तुम्ही लेखी तक्रार केल्याच्या तारखेपासून आठ आठवडे मोजा, म्हणून पहिल्याच मेलच्या विषयात ‘तक्रार’ हा शब्द घाला, नाहीतर ते तिला चौकशी धरतात आणि आठ आठवडे सुरूच होत नाहीत. आठ आठवड्यांत निकाल नाही, किंवा निकाल पटला नाही, तर कंपनीच्या अटींमध्ये नाव दिलेल्या स्वतंत्र लवादाकडे जाता येतं. बऱ्याच कंपन्यांसाठी तो लवाद म्हणजे इंडिपेंडंट बेटिंग ॲडज्युडिकेशन सर्व्हिस, तिकडचे लोक ‘आयबास’ म्हणतात. ग्राहकाला फी नाही. गॅम्बलिंग कमिशनला लिहिलं तरी चालतं, पण ते एकेका ग्राहकाचा वाद सोडवत नाहीत, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

जळगावात किंवा धुळ्यात वकिलाला पैसे देऊ नका. भारताच्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच शून्य, इथल्या कोर्टात त्यावर वसुली होत नाही. ब्रिटनमध्ये मात्र १ सप्टेंबर २००७ पासून पैजेचं देणं हे कायद्याने वसूल करता येणारं देणं आहे. तुमचा हक्क तिकडे आहे, भांडण तिकडेच लढायचं. टेलिग्रामवर ‘अडकलेलं खातं सोडवून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणारे भेटतील. त्यांना लॉगिन दिलंत तर कंपनीला दिसेल की खातं आता कोणा तिसऱ्याच माणसाच्या हातात आहे, आणि त्यानंतर मीसुद्धा ती फाईल पुढे सरकवली नसती.

उशीरही करू नका. बहुतेक कंपन्यांच्या अटींत वर्षभराच्या आसपास हालचाल नसेल तर खातं निष्क्रिय धरतात, काही जण मग दरमहा शुल्क कापायला लागतात. तुमच्या कंपनीच्या अटींमध्ये ‘निष्क्रिय खातं’ हा परिच्छेद शोधा. त्याच पानावर ग्राहकांचा पैसा कंपनी बुडाली तर कितपत सुरक्षित आहे तेही लिहिलेलं असतं. तीन पातळ्या असतात, संरक्षण नाही, मध्यम आणि उच्च. ‘संरक्षण नाही’ असं असेल तर आजच्या आज लिहा.

आणि ते खातं चालू ठेवायच्या मोहात इथल्या कार्डाने त्यात एक रुपयाही भरू नका. लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक असल्या गोष्टींसाठी भारतातून परकीय चलन पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत थेट मनाई आहे, वर्षाला अडीच लाख डॉलरची जी सवलत आपण ऐकतो तीही त्याला लागू नाही. लेस्टरला असताना भरलेल्या आणि तिथेच राहिलेल्या पैशांची गोष्ट निराळी.

हे सगळं लायसन असलेल्या कंपनीच्या खात्याबद्दल झालं. इथे चौकात किंवा व्हॉट्सॲपवर जी ‘आयडी’ मिळते तिला यातलं काहीही लागू नाही. तिथे लवादही नसतो आणि अटीही नसतात. जिंकलेला पैसा देणाऱ्याची मर्जी असेल तरच मिळतो.

कंपनीचं उत्तर आलं की त्यात नेमकं काय मागितलंय ते इथे लिहा, खाते क्रमांक खोडून. बघून सांगतो.